लॉगआउट केलं होतं हो तिनं!

गेल्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या एका पोरीच्या प्रवेशाच्या अर्जात भलतेच पर्याय भरलेले सापडले. तिनं स्टँडजवळच्या कॅफेत बसून सात कॉलेजं क्रमानं लावली होती. घरी आल्यावर सहज म्हणून वडिलांच्या मोबाईलवर अर्ज उघडला, तर सातची पाच झालेली आणि त्यातली तीन तिनं कधी नावानंही ऐकलेली नाहीत. नशीब एवढंच की अर्ज अजून लॉक झाला नव्हता. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

ही गोष्ट मी ज्याला सांगतोय तो एकच वाक्य ऐकवतोय: "आजकालच्या पोरांना साधं लॉगआउट करता येत नाही." कॅफेवाल्यानंही हेच ऐकवलं. त्याच्या भिंतीवर तशी पाटीही आहे, 'काम झाल्यावर लॉगआउट करावे. नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.'

तर मंडळी, तिनं लॉगआउट केलं होतं. मी स्वतः जाऊन त्या मशीनवर बघितलंय, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

झालं असं. ती आत गेली तेव्हा पोरानं नेहमीसारखं क्रोम उघडून दिलं. वर कोपऱ्यात गोल चिन्हात कॅफेमालकाचा फोटो. म्हणजे तो ब्राउझर त्याच्या स्वतःच्या जीमेल खात्यानं चालू होता. पोरीनं अर्ज क्रमांक आणि पासवर्ड टाकला. क्रोमनं विचारलं, पासवर्ड साठवू का? शेजारी उभ्या पोरानं (घाई, मागे रांग) तिच्या हातातला माउस घेऊन 'Save' दाबलं. तिचं काम झालं, तिनं पोर्टलचं लॉगआउट दाबलं, पैसे दिले, निघाली.

अर्ध्या तासानं त्याच खुर्चीत दुसरा मुलगा बसला. तेच पोर्टल उघडलं, तर दोन्ही रकाने आधीच भरलेले. आत आल्यावर वरचं नाव कोण वाचतो? त्याला वाटलं कॅफेवाल्या दादानंच भरून ठेवलंय. पटापट आधीचे पर्याय काढले, स्वतःचे टाकले, सेव्ह केलं. त्या पोराचाही दोष मी मानत नाही. तो तर बिचारा अर्ज भरला या समजुतीत घरी गेला, आणि त्याचा स्वतःचा अर्ज रिकामाच होता!

आता मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळे इथेच चुकतात. लॉगआउट केल्यानं फक्त तुमचं चालू सत्र संपतं. साठवलेला पासवर्ड ही वेगळी वस्तू आहे, ती ब्राउझरच्या पेटीत पडून राहते. तुम्ही दार ओढून घेतलंत, पण किल्ली कुलपालाच लटकतेय. आणि ब्राउझर मालकाच्या खात्यानं चालू असेल व त्याचं सिंक चालू असेल, तर किल्ली त्या मशीनपुरतीही राहत नाही. ती त्याच्या गुगल खात्यात जाते, म्हणजे त्याच्या मोबाईलवर आणि घरच्या लॅपटॉपवरही. मालक सज्जन असेल, आहेही. पण त्याच्या मोबाईलवर आपल्या अर्ध्या तालुक्याच्या पोरांचे पासवर्ड का असावेत?

काही हुशार मंडळी म्हणाली, हिस्ट्री पुसायची. Ctrl+Shift+Delete दाबलं की हिस्ट्री आणि कुकीज जातात, खरं आहे. पण साठवलेले पासवर्ड त्याबरोबर आपोआप जात नाहीत. ते बघायचे तर पत्त्याच्या पट्टीत हे टाकावं लागतं:

```
chrome://password-manager/passwords
```

मी त्या मशीनवर हे उघडलं तेव्हा मालक शेजारीच उभा होता. यादी खाली सरकवतच राहिलो. शिष्यवृत्ती, परीक्षांचे अर्ज, कुणाची वीजबिलं. मालकाचाच चेहरा उतरला, त्यानं ती यादी कधी बघितलीच नव्हती. पोरीचा पासवर्ड तिथून काढला, पण तेवढ्यावर थांबलो नाही. तो कुणाकुणाच्या डोळ्यांखालून गेला कोण जाणे! म्हणून तिच्या वडिलांच्या मोबाईलवरून तो बदलला आणि रात्री साडेदहाला सातही पर्याय परत लावून अर्ज लॉक केला.

मालकाची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. तो म्हणाला, "भाऊ, पोरं पासवर्ड विसरतात. पंधरा दिवसांनी येतात, मोबाईल नंबरही बदललेला असतो. मग मीच शोधून देतो. सेव्ह केला नाही तर शिव्या मलाच." बरोबर आहे. पण मग पावतीच्या मागे लिहून द्या, पोराच्या हातात द्या. त्याची किल्ली त्याच्या खिशात जाऊ दे.

आणि सरकारचं काय? सायबर कॅफेसाठी 2011 चे नियम आहेत. गिऱ्हाईकाचं ओळखपत्र बघा, नोंदवही ठेवा, कोण कुठल्या साइटवर गेला त्याचा लॉग वर्षभर जपा. सगळा भर नोंद ठेवण्यावर. उठून गेलेल्या माणसाचं मशीनवरचं सामान साफ करायची काळजी तितक्याच जोरात कुणी घेतल्याचं मला तरी दिसत नाही. तपासणीला आलेला माणूस वही बघतो. तो कधी पासवर्डची यादी उघडायला सांगेल का?

बरं, उपायाला रुपया लागत नाही. क्रोममध्ये 'Guest' नावाची खिडकी असते. तीत पासवर्ड साठवायचा प्रश्नच विचारला जात नाही, मालकाचं खातं त्यात येत नाही आणि त्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिन, हिस्ट्री, कुकीज जातात. गिऱ्हाईकाला शिकवायचीही गरज नाही. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, Properties, आणि Target च्या रकान्यात शेवटी एक जागा सोडून `--guest` जोडायचं. नेहमीच्या मशीनवर तो रकाना असा दिसेल:

```
"C:\Program Files\Google\Chrome\Application\chrome.exe" --guest
```

दोन मिनिटांचं काम. मात्र गिऱ्हाईक उठल्यावर खिडकी बंद झालीच पाहिजे, नाहीतर पुढचा आयता आत. आणि डाउनलोड केलेली फाइल यातूनही सुटते, ती Downloads मध्ये तशीच राहते. आधारची पीडीएफ तिथं पडलेली असेल तर तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइल शेजारच्या अर्जावर छापलेलंच असतं! ती फाइल हातानं काढा, रिसायकल बिनमधूनही काढा. मशीनमध्ये कुणी टायपिंग चोरणारं काही बसवलं असेल तर मात्र Guest काहीही करू शकत नाही. बँकेचं काम म्हणूनच तिथं करू नका.

माझं मागणं साधं आहे. प्रवेशाचा हंगाम चालू आहे तोवर गावातल्या प्रत्येक कॅफेनं, सेवा केंद्रानं आणि कॉलेजच्या लॅबनं हा शॉर्टकट बदलावा, आणि मालकानं आपलं खातं गिऱ्हाईकाच्या मशीनवरून काढावं. 'जबाबदार नाही' ही पाटी त्यानंतर लावा, मग मी काही बोलणार नाही.

स्टँडजवळच्या मालकानं माझ्यासमोर चारपैकी तीन मशीनवर बदल केला. चौथ्यावर प्रिंटर जोडलाय, त्यावर त्याचं स्वतःचं खातं लागतं म्हणे. तिथं बसायला सांगितलं तर वर कोपऱ्यातला फोटो आधी बघा. आणि मागच्या महिन्याभरात ज्यांनी तिथं अर्ज भरलेत त्यांनी आज रात्री घरच्या मोबाईलवरून पासवर्ड बदला, आपला अर्ज उघडून भरलेलं एकदा वाचा. तो दुसरा मुलगा कोण ते अजून कळलेलं नाही. मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास तिथं अर्ज भरलेला कुणी असेल तर मला लगेच फोन करायला सांगा, दुसऱ्या फेरीला अजून वेळ आहे.