मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’, घरात पार्सल नाही. ‘मिळालं नाही’ म्हणण्याआधी ‘दिलं कुणाला?’ हे विचारा

फवारणीचे दिवस आहेत. वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने बॅटरीवरचा पंप ऑनलाइन मागवला, ३,४५० रुपये आधीच भरले, असं समजा. मंगळवारी तो दिवसभर रानात होता. संध्याकाळी पावणेसातला मेसेज आला, ‘तुमचं पार्सल डिलिव्हर झालं आहे.’ घरी विचारलं तर कुणी आलंच नव्हतं. डिलिव्हरी बॉयचा फोन लागत नाही आणि कस्टमर केअरवाले म्हणतात, ‘सर, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय.’ बरेच जण इथेच हात टेकतात.

पण सिस्टीममध्ये दिसतंय म्हणजे नेमकं काय, हे कळलं की पुढचा रस्ता सापडतो. ‘डिलिव्हर्ड’ हा शेरा यंत्र आपोआप मारत नाही. तालुक्याच्या हबवरून निघालेला माणूस आपल्या मोबाईलवर बटण दाबतो, तेव्हा तो शेरा पडतो. म्हणजे ती त्या माणसाने केलेली नोंद आहे, आणि नोंद चुकू शकते किंवा खोटीही असू शकते.

गावाकडे असं का होतं?

शहरात दार ते दार अंतर कमी असतं. इकडे एका पोराकडे दहा-बारा गावं आणि वाड्या-वस्त्या असतात, आणि पैसे बहुतेक ठिकाणी पार्सलच्या हिशोबाने मिळतात. एका पार्सलसाठी आडरस्त्याने पाच किलोमीटर आत जाणं त्याला परवडत नाही. मग तो फाट्यावर थांबून फोन करतो. फोन लागला नाही की पार्सल ओळखीच्या किराणा दुकानात किंवा टपरीवर ठेवतो आणि बटण दाबतो. कधी ‘उद्या देऊ’ म्हणून आजच नोंद करून टाकतो, म्हणजे दिवसाअखेर यादी रिकामी दिसते. एकाच आडनावाची पाच घरं असली की पार्सल भलत्याच घरी जातं. आणि कधी कधी ते खरोखरच लंपास होतं.

म्हणून पहिला दिवस शोधण्याचा. ऑर्डरवर पत्ता आणि मोबाईल नंबर बरोबर टाकला होता का, ते बघा. घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि फाट्यावरच्या दुकानदाराला विचारा. जमलं तर तालुक्याच्या हबवर जाऊन या. मात्र त्याआधी ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. त्यावर तारीख, वेळ आणि कुणी घेतलं ते नाव दिसत असेल तर तेही आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्ता लागला नाही तर लेखी तक्रार करायची. त्याहून थांबू नका, कारण तक्रारीसाठी प्रत्येक कंपनीची मुदत असते आणि ती थोड्या दिवसांची असते.

तक्रारीत काय लिहायचं?

‘पार्सल मिळालं नाही’ एवढंच लिहिलं की उत्तर ठरलेलं येतं, ‘आमच्याकडे डिलिव्हर्ड आहे.’ म्हणून पुरावा मागा. ॲपमध्ये ती ऑर्डर उघडून मदतीच्या भागात असं लिहिता येईल:

‘ऑर्डर क्रमांक अमुक. मंगळवारी संध्याकाळी ६.४५ ला डिलिव्हर्ड अशी नोंद आहे. पार्सल मला किंवा माझ्या घरच्यांना मिळालेलं नाही. मी कुणालाही ओटीपी दिलेला नाही. पार्सल कुणाला दिलं त्याचं नाव, सही किंवा फोटो, आणि नोंद केली तेव्हाचं लोकेशन द्यावं. ते देता येत नसेल तर पार्सल पुन्हा पाठवावं किंवा पैसे परत करावेत.’

डिलिव्हरीच्या ॲपमध्ये नोंद करताना बहुतेक वेळा जागाही नोंदली जाते. पंप वस्तीवर दिला म्हणायचं आणि लोकेशन फाट्याचं, असं निघालं तर कंपनीचं म्हणणं तिथेच लंगडं पडतं. फोटोत तुमचं दार नसून दुकानाचं शटर असेल, तरी तेच.

तक्रार विक्री करणाऱ्या ॲपकडे करा, कारण पैसे तुम्ही तिकडे भरलेत. ‘कुरिअरला विचारा’ असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार क्रमांक घ्या. ‘पार्सल मिळालं का?’ असा मेसेज आला तर घाईत ‘हो’ दाबू नका.

ओटीपी दिला असेल तर?

इथे बाजू कमजोर होते. ‘ओटीपी सांगा, नाहीतर पार्सल परत जाईल, पार्सल दुकानात ठेवतो’ असं फोनवर सांगितलं जातं आणि माणूस सांगून मोकळा होतो. कंपनीच्या लेखी ओटीपी म्हणजे तुमची सहीच. तरी तक्रार करा, आणि झालं ते खरं लिहा: कोणत्या नंबरवरून, किती वाजता फोन आला. कॉल यादीचा स्क्रीनशॉट जोडा. पुढच्या वेळी मात्र पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही.

कंपनी दाद देत नसेल तर

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. कस्टमर केअरने हात वर केले की त्याच मजकुराचा ईमेल या अधिकाऱ्याला पाठवा.

त्यानेही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथे मराठीतही बोलता येतं. हे कोर्ट नव्हे. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. तिथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ३,४५० रुपयांसाठी तिथवर जावं का, हा ज्याचा त्याचा हिशोब. पण स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जपून ठेवले असतील तरच तो पर्याय उरतो.

पार्सल पोस्टाने आलं असेल तर आधी गावच्या पोस्टमास्तरांना ट्रॅकिंग नंबर दाखवा आणि पार्सल कुणाच्या सहीने दिलं ते विचारा. समाधान झालं नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

नंबर गुगलवर शोधू नका

हरवलेल्या पार्सलच्या धावपळीत दुसरा फटका बसतो तो इथे. गुगलवर मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्याचा असू शकतो. तो रिफंडसाठी लिंक पाठवतो, स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतो, यूपीआय पिन मागतो. कुणी *401* किंवा *21* ने सुरू होणारा नंबर डायल करायला लावतो; त्याने तुमचे कॉल त्याच्या फोनवर वळतात. रिफंड घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

नंबर घ्यायचा तो ज्या ॲपवरून ऑर्डर दिली त्याच ॲपमधून. आणि पुढची ऑर्डर वस्तीवर मागवताना पत्त्यात जवळची ठळक खूण आणि घरी असणाऱ्या माणसाचा नंबर टाका. किंमत मोठी असेल आणि सोय असेल तर पैसे पार्सल हातात आल्यावरच द्या.