जाहिरातीतली बाई सोलापूरची दिसू द्या

घरगुती उद्योगाची जाहिरात हल्ली बरेच जण एआयकडून चित्र काढून घेऊन करतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : प्रॉम्प्टमध्ये ‘भारतीय स्त्री’ एवढंच लिहून थांबू नका. २०२३ साली ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने मिडजर्नीकडून ‘भारतीय व्यक्ती’ची चित्रं काढून घेतली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला म्हाताराच समोर आला. नेमकं सांगितलं नाही, तर यंत्र आपल्याकडे सर्वांत जास्त साठलेला साचा काढून देतं.

समजा, सोलापूरच्या बचत गटाला शेंगाचटणीची जाहिरात करायची आहे. ‘स्वयंपाकघरात आनंदी भारतीय स्त्री’ असं लिहिलंत, की बहुधा पंचविशीची, गोरी, दागिन्यांनी मढलेली, नवरीसारखी मुलगी येईल. चटणी कुटणारी बाई अशी नसते. मग असं लिहा :

‘सोलापुरातली पंचावन्न वर्षांची बाई, रंग गडद सावळा, डोळ्यांखाली आणि बोटांच्या पेरांवर त्वचा जास्त गडद. कपाळावर आठ्या, कानाजवळ पांढरे केस, अंगाने भरलेली. साधी सुती साडी, हातात काचेच्या बांगड्या. खलबत्त्यात शेंगदाणे कुटताना नजर कामावर. डाव्या खिडकीतून दुपारचा उजेड, त्वचेवर सफाई नको.’

नुसता वयाचा आकडा पुरत नाही. साठ लिहिलं तरी पुष्कळदा पांढऱ्या केसांची तरुणीच येते, म्हणून वयाच्या खुणाही सांगाव्या लागतात. रंगाचंही तसंच. ‘सुंदर’, ‘तेजस्वी’, ‘नितळ’ हे शब्द घातले, की सावळा रंग उजळत जातो. ते काढा आणि उजेड कुठून येतो ते लिहा. स्टुडिओतल्या झगझगीत प्रकाशापेक्षा खिडकीच्या उजेडात गडद त्वचेच्या छटा टिकतात.

चित्रात चौघी असतील तर ‘चार बायका’ म्हणू नका, चारही बहिणी दिसतील. प्रत्येकीचं वय, रंग, चेहऱ्याची ठेवण वेगवेगळी सांगा. तरीही चेहरे एकमेकांत मिसळले, तर एकेकीचं चित्र वेगळं काढून जोडा. आणि हे आवर्जून पाहा : मालकीण गोरी आणि भांडी घासणारी काळी, अशी वाटणी झाली आहे का? रंग गोरा असला की माणूस जास्त यशस्वी, असं जाहिरातीत सुचवू नये, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ सालीच त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी केले. चटणीच्या जाहिरातीतही ते पाळायला हरकत नाही.

चित्र तयार झालं की गटातल्या बायकांच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. त्यांच्यात चित्रातली बाई वेगळीच उठून दिसली, तर आणखी एकदा प्रॉम्प्ट दुरुस्त करा. मात्र अशा बनवलेल्या चेहऱ्याच्या तोंडी ‘मी ही चटणी वापरते’ असं वाक्य घालू नका. तेवढ्यासाठी खऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो घ्या, तोही तिला विचारून.