नावातले गहाळ आकडे

परवा नात्यातली एक मुलगी कागद घेऊन घरी आली. तिच्या नावात ७ हा आकडा नाही, म्हणून तिला 'कर्माचा धडा' शिकायचा आहे, असे कुणा अंकज्योतिषाने सांगितले होते. उपाय म्हणे नावात एक 'वाय' घुसवायचा. दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखला, पासपोर्ट सगळीकडे नाव बदलून हवे, म्हणून सरकारी कारकुनाकडे, म्हणजे माझ्याकडे.

मी ती पद्धत नीट समजून घेतली. ती अशी. इंग्रजी मुळाक्षरे ओळीने १ ते ९ अशी मोजायची, नऊ झाले की पुन्हा १ पासून. म्हणजे ए, जे, एस यांना १. बी, के, टी यांना २. सी, एल, यू यांना ३. डी, एम, व्ही यांना ४. ई, एन, डब्ल्यू यांना ५. एफ, ओ, एक्स यांना ६. जी, पी, वाय यांना ७. एच, क्यू, झेड यांना ८. आय, आर यांना ९. जन्माच्या वेळचे पूर्ण नाव मांडायचे आणि जो आकडा एकदाही येत नाही तो धडा. हिला पायथागोरसची पद्धत म्हणतात, पण त्या बिचाऱ्याच्या काळी इंग्रजी भाषाच नव्हती.

उदाहरण म्हणून आपल्या गोव्यात जन्मलेले थोर गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी घेऊ. जन्म ३१ जुलै १९०७. त्यांचे नाव नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहू, मधल्या नावाच्या शेवटी 'ए' धरून.

दामोदर: डी ४, ए १, एम ४, ओ ६, डी ४, ए १, आर ९. बेरीज २९.
धर्मानंद: डी ४, एच ८, ए १, आर ९, एम ४, ए १, एन ५, ए १, एन ५, डी ४, ए १. बेरीज ४३.
कोसंबी: के २, ओ ६, एस १, ए १, एम ४, बी २, आय ९. बेरीज २५.

एकंदर पंचवीस अक्षरे. त्यांत १ आठ वेळा आणि ४ सात वेळा आला. ३ आणि ७ मात्र कुठेच नाहीत. पुस्तकांप्रमाणे ३ गहाळ म्हणजे मनातले मांडण्यात कमी, आणि ७ गहाळ म्हणजे खोल अभ्यास व चिकित्सा यांची वाण. हे कुणाबद्दल? ज्यांनी नाण्यांच्या ढिगातले एकेक नाणे तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास काढला आणि ज्यांचे १९४४ चे सूत्र जनुकशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते, त्यांच्याबद्दल!

पण जाणकार ज्योतिषी इथे अडत नाही. गहाळ आकडा इतर मुख्य आकड्यांत आला तर धडा सौम्य होतो, असा पोटनियम आहे. २९, ४३ आणि २५ मिळून ९७; ९ अधिक ७ सोळा, १ अधिक ६ सात. नामांकच ७ निघाला! म्हणजे अभ्यासू नसते तर धडा खरा, अभ्यासू निघाले तर पोटनियम खरा. हरण्याची सोयच ठेवलेली नाही.

आता आपल्या लोकांना जास्त कळेल अशी गोष्ट. पोर्तुगीज वळणाच्या लिखाणात 'के'च्या जागी 'सी' येतो; काणकोण आणि कुंकळ्ळीच्या पाट्या आपण रोज पाहतो. समजा एखाद्या लेखनिकाने कोसंबी 'सी'ने लिहिले आणि धर्मानंदमधला 'एच' गाळला. 'सी'मुळे ३ आला, धडा संपला. २ शाबूत, कारण 'बी' आहे. 'एच' गेल्याने ८ गहाळ, म्हणजे पैशाच्या व्यवहाराचा नवा धडा. बेरीज ९७ ची ९० झाली, नामांक ९, त्यामुळे ७ ला मिळालेली सूटही गेली. माणूस तोच, बारसे तेच, फक्त टाक धरणारा हात वेगळा. आजोबांचे नाव एका नोंदवहीत एक आणि दुसरीत भलतेच, हे गोव्यात किती घरांत आहे ते मी टेबलावर बसून पाहतो. त्यांतले कोणते कर्म खरे धरायचे?

आपल्याकडे आणखी एक घोटाळा चालतो. इथे किरोचा तक्ता फार वापरतात आणि त्यात ९ हा आकडा कुठल्याच अक्षराला दिलेला नाही. त्या तक्त्यावर कुणी गहाळ आकडे काढले तर साऱ्या जगाच्या नावात ९ गहाळ! प्रत्येक गिऱ्हाइकाला ९ चा धडा मिळत असेल तर दोन पद्धतींची खिचडी झाली, हे समजावे.

आणि त्या 'वाय'चे काय? धडा जन्मनावावरून काढायचा, नंतरच्या नावावरून नाही, हा या पद्धतीचाच मूळ नियम. मग आज अक्षर वाढवून जुना धडा कसा पुसणार? मी त्या मुलीला एवढेच विचारले. तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "काका, पैसे तर आईने आधीच दिलेत."