घर एक, खाती तीन

नुकताच निकाह झालेली किंवा ठरलेली मुले-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. दोघेही कमावते असतील तर दोघांच्या पगाराचे एकच जॉइंट खाते करावे, की आपापली खाती वेगळी ठेवून घरखर्चापुरते पैसे एकत्र काढावेत? घरातली वडीलधारी माणसे बहुधा एका खात्याच्या बाजूने बोलतात. संसार एक तर पैसाही एक, तुझे-माझे केले की मने दुरावतात, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यामागची माया खरी आहे. तरीही माझे मत वेगळे आहे. नवऱ्याचे खाते वेगळे असावे, बायकोचे वेगळे असावे आणि घरखर्चाचे तिसरे खाते दोघांच्या नावावर असावे. त्यात दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात दर महिन्याला पैसे टाकावेत.

वेगळे खाते म्हटले की काहींना ही पाश्चात्त्य कल्पना वाटते. वास्तविक पत्नीची मालमत्ता वेगळी असणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. मेहेर तिचा असतो, वडिलांकडून मिळालेला वाटा तिचा असतो आणि स्वतःच्या कष्टाची कमाईही तिचीच असते. सूरह निसाच्या 32 व्या आयतीत पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या कमाईचा उल्लेख वेगवेगळा आला आहे. घर चालवण्याची, म्हणजे नफक्याची, जबाबदारी शरीयतने पतीवर टाकली आहे. पत्नी आपल्या पगारातून घराला हातभार लावते तो तिच्या खुशीने. त्यामुळे निकाहाने दोन माणसांचे आयुष्य एक होते, पण त्यांची मालमत्ता आपोआप एक होत नाही. एका खात्यात सगळे पैसे ओतले की नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मिरजेत एक जोडपे राहते. त्याचा पगार 60 हजार, तिचा 40 हजार. एक मुलगा, एक मुलगी, आणि त्याची आई त्यांच्याकडेच असते. महिन्याचा घरखर्च 50 हजार. दोन्ही पगार एकाच जॉइंट खात्यात जमा होतात, तिथूनच सगळा खर्च होतो आणि उरलेले पैसे तिथेच साठतात. काही वर्षांत शिल्लक 12 लाखांवर जाते. खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ अशी सूचना आहे, म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकते आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला काढता येतात. दोघांना वाटते की आता काळजी नाही.

दुर्दैवाने पती वारला. बँक तिला पैसे देईल, त्यात अडचण नाही. पण बँकेने पैसे हातात देणे आणि त्या पैशांची मालकी मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ही पैसे कोणाला दिल्यावर बँक मोकळी होते याची व्यवस्था आहे. ते वारसपत्र नव्हे. 1928 साली प्रिव्ही कौन्सिलसमोर गुरान दित्ता विरुद्ध राम दित्ता हा खटला आला होता. पतीने स्वतःचे पैसे स्वतःच्या आणि पत्नीच्या नावावर याच पद्धतीने ठेवले होते. तेवढ्यावरून पतीने ते पैसे पत्नीला दिले असे धरता येत नाही, देण्याचा हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो, असा निकाल लागला. नॉमिनीचेही तसेच आहे. नॉमिनी बँकेकडून पैसे घेतो, पण वाटणी वारसा कायद्यानेच होते.

आता वाटणी मांडून पाहू. या घरात वारस पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी. मुले असताना पत्नीचा वाटा आठवा हिस्सा, आईचा सहावा, आणि उरलेले मुलांचे, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. सासरच्या एखाद्याने खाते त्याचेच होते असा दावा केला आणि तिला आपला वाटा सिद्ध करता आला नाही, तर सगळे 12 लाख त्याचे धरले जातील. तिला मिळतील 1 लाख 50 हजार, सासूला 2 लाख, मुलांना 8 लाख 50 हजार. पण त्या 12 लाखांतले पगाराच्या प्रमाणात 4 लाख 80 हजार मुळात तिचेच आहेत. ते बाजूला काढले तर वाटणी फक्त 7 लाख 20 हजारांची होते. त्यात तिचा आठवा हिस्सा 90 हजार. म्हणजे तिच्या हाती एकूण 5 लाख 70 हजार यायला हवेत. दीड लाख आणि पावणेसहा लाख यांतला हा फरक तिच्या स्वतःच्या श्रमाचा आहे. अनेक वर्षांचे पासबुक काढून, कोणाचा पगार किती जमा झाला आणि कोणता खर्च कशातून झाला हे इद्दतीच्या काळात सिद्ध करत बसण्याची वेळ कोणत्याच बाईवर येऊ नये.

जकातीचाही प्रश्न आहे. जकात ज्याच्या त्याच्या मालमत्तेवर असते, जोडप्यावर नाही. एका खात्यात सगळे मिसळले की वर्षाच्या शेवटी कोणाचा निसाब पूर्ण झाला आणि कोणी किती द्यायचे, हे दोघांनाही नीट सांगता येत नाही. मग पतीच अंदाजाने दोघांची मिळून एक रक्कम काढतो आणि पत्नीला आपल्यावर किती होती हे कधी कळतच नाही.

म्हणून तीन खाती. पण वेगळ्या खात्यांतही फसगत होते आणि ती दोन ठिकाणी होते.

पहिली म्हणजे अर्धे-अर्धे. दोघेही कमावतात, तर 50 हजारांतले 25-25 हजार द्या, असे वरवर न्याय्य वाटते. मिरजेच्या या जोडप्यात मग त्याच्याकडे 35 हजार उरतात आणि तिच्याकडे 15 हजार. तिची निम्म्याहून जास्त कमाई घरात जाते, त्याची निम्म्याहून कमी. तेच तीनास दोन या प्रमाणात काढले तर तो 30 हजार देईल, ती 20 हजार. दोघांकडे आपापल्या पगाराचा निम्मा भाग उरतो. माहेरी आईच्या औषधाला पैसे पाठवायचे असोत की भावाला मदत करायची असो, ती आपल्या खात्यातून करते आणि त्याबद्दल कोणाला हिशेब द्यावा लागत नाही. त्याच्या आईसाठी त्यालाही तीच मोकळीक. हे प्रमाण मात्र कायमचे नव्हे. पगार बदलला, बाळंतपणात तिची नोकरी सुटली, तर त्याच महिन्यात नव्याने मांडावे. तिची कमाई शून्य झाली की तिचा वाटाही शून्य. नफका पतीवर आहे, त्यामुळे यात उपकाराचा प्रश्नच येत नाही.

दुसरी फसगत जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. दोघे कामे वाटून घेतात. घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो. किराणा, दूध, वीजबिल, शाळेची फी आणि रिक्षाचे पैसे तिच्या खात्यातून जातात. रक्कम दोघांची सारखी असू शकते. पण दहा वर्षांनी त्याच्या नावावर फ्लॅट असतो आणि तिच्याकडे खर्च झालेल्या पैशांशिवाय काही नसते. किराणा तिने भरला नसता तर त्याला हप्ता भरता आला नसता, हे खरे असले तरी खरेदीखतावर ते लिहिलेले नसते. तलाक झाला किंवा तो वारला, तर तो फ्लॅट सर्वस्वी त्याचाच धरला जाण्याची भीती असते. आपल्या घरात हे होते आहे का, ते ओळखायची साधी खूण आहे. दोघांच्या खात्यांतून गेल्या वर्षी ज्या वस्तू आजही शिल्लक आहेत त्यांवर कोणी किती खर्च केला आणि जे खाऊन-वापरून संपले त्यावर कोणी किती, हे दोन रकान्यांत मांडा. एकाच्या रकान्यात सगळे टिकणारे आणि दुसऱ्याच्या रकान्यात सगळे संपणारे आले, तर व्यवस्था चुकली आहे. उपाय असा की हप्ताही घरखर्चाच्या सामाईक खात्यातूनच जावा आणि खरेदीखतावर दोघांची नावे, शक्य असल्यास हिश्शासकट, असावीत.

तिसरे खाते चालवणे अवघड नाही. पगार एक तारखेला होत असेल तर बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन दोघांची रक्कम पाच तारखेला आपोआप वळती करावी. मागावे लागले की त्यात मिंधेपणा येतो. हे खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असावे, म्हणजे रात्री दवाखान्यात धावावे लागले तर कोणीही पैसे काढू शकते. जॉइंट खात्याचा हा खरा फायदा आहे आणि तो सोडू नये. पण त्यात दोन महिन्यांच्या खर्चाहून जास्त शिल्लक साठू देऊ नये. मिरजेच्या घरात ती एक लाख झाली. वाद झालाच, तर तो लाखाचा होईल, 12 लाखांचा नाही. बचत ज्याच्या त्याच्या खात्यात राहावी आणि तिथे एकमेकांना नॉमिनी करावे.

बायको कमावत नसेल तर हे सारे गैरलागू आहे असे काहींना वाटते. उलट अशा घरात तिचे स्वतःचे खाते सर्वांत जास्त गरजेचे आहे. घरखर्चाव्यतिरिक्त ठरलेली एक रक्कम दर महिन्याला तिच्या नावच्या खात्यात जावी आणि ती भेट आहे हे दोघांमध्ये स्पष्ट असावे, शक्यतो लेखी. हिबा पूर्ण व्हायला देणाऱ्याने देणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा मिळणे, या तीन गोष्टी लागतात. तिच्या एकटीच्या खात्यात पैसे पडले की ताब्याबद्दल शंका राहत नाही. जॉइंट खात्यात तेच पैसे राहिले तर ती कायम राहते. मेहेर अजून दिला नसेल, तर तोही याच मार्गाने द्यावा, म्हणजे दिल्याची नोंद बँकेत राहते.

नवरा-बायकोत विश्वास आहे, मग एवढे कागद कशाला, असे मला विचारले जाते. हे कागद त्या दोघांसाठी कमी आणि त्यांच्यापैकी एक जण नसेल त्या दिवसासाठी जास्त आहेत. त्या दिवशी समोर बसलेले दीर, नणंद, मेहुणे यांच्यापैकी कोणीही वाईट असण्याची गरज नसते. कोणाचे किती हे कोणालाच माहीत नसणे एवढे भांडणाला पुरेसे असते. निकाहनाम्यावर मेहेराची रक्कम आपण साक्षीदारांसमोर लिहितो, तेव्हा विश्वास नाही असे कोणी म्हणत नाही. घरखर्चाचे प्रमाणही त्याच बैठकीत ठरवून एका कागदावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?