घागर का सापडली नाही?



‘वर्डल’ नावाचा शब्द ओळखण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर खेळला असेल. जॉश वॉर्डल यांनी तयार केलेला हा खेळ ऑक्टोबर १९२१ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवा रंग, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, मुळीच नसेल तर राखाडी. या खेळात ‘हार्ड मोड’ नावाची एक कडक पद्धत आहे. तीत एकदा मिळालेली प्रत्येक खूण पुढच्या प्रत्येक प्रयत्नात वापरावीच लागते. नाही वापरली, तर खेळ तो शब्द स्वीकारतच नाही.

आमच्या सोलापूरच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिकाचा तास लवकर संपला की आम्ही हाच खेळ फळ्यावर मराठीत खेळतो. शब्द तीन अक्षरांचा आणि प्रयत्न सहा. अक्षर म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार यांसह संपूर्ण अक्षर. म्हणजे ‘न’, ‘ना’ आणि ‘नां’ ही तीन वेगळी अक्षरे धरायची. उत्तर ठरलेल्या यादीतलेच असते, प्रयत्न मात्र कोणत्याही मराठी शब्दाने करता येतो. हिरव्या खडूचे वर्तुळ, पिवळ्या खडूचे वर्तुळ आणि नसलेल्या अक्षरावर पांढरी फुली, एवढेच साहित्य लागते.

एकदा विद्यार्थ्यांनी मलाच कडक नियमाने खेळायला उभे केले. मी पहिला शब्द लिहिला ‘गजर’. उत्तर आले : ‘ग’ पिवळा, ‘ज’वर फुली, ‘र’ हिरवा. मी खूश झालो. आता वैध शब्द कसा शोधायचा ते पाहा. फळ्यावर तीन चौकटी काढा. ‘र’ तिसऱ्या चौकटीत पक्का झाला. ‘ग’ शब्दात हवाच. पण पहिल्या चौकटीत तो पिवळा ठरला, म्हणजे तिथे तो नाही, आणि तिसरी चौकट ‘र’ने अडवली आहे. म्हणजे ‘ग’ दुसऱ्या चौकटीतच असला पाहिजे. पिवळी खूण अशी विचाराने हिरवी झाली! आता सापळा तयार झाला : रिकामी चौकट, मग ‘ग’, मग ‘र’.

आमच्या यादीत या सापळ्यात बसणारे नऊ शब्द होते : नगर, मगर, सागर, डोंगर, नांगर, लंगर, जागर, आगर आणि घागर. मी ओळीने नगर, सागर, मगर, डोंगर आणि जागर लिहिले. प्रत्येक वेळी पहिल्या अक्षरावर फुली पडली, आणि सहा प्रयत्न संपले. उत्तर होते ‘घागर’.

मी कोणताही नियम मोडला नव्हता, कोणतीही खूण विसरलो नव्हतो, आणि माझा प्रत्येक शब्द खरोखर उत्तर ठरू शकला असता. मग चुकले कुठे? मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, तुम्ही पाच शब्द लिहिलेत, पण प्रत्येकात नवीन अक्षर एकच होतं.”

तिने नेमके वर्म सांगितले. तीन चौकटींपैकी दोन चौकटी जुन्या खुणांनी भरल्या, तर मोकळी राहते एकच. एका मोकळ्या चौकटीत एका वेळी एकाच अक्षराची परीक्षा होते. नऊ शब्द आणि पाच प्रयत्न, म्हणजे नऊपैकी पाच वेळाच यश. मग तुम्ही कितीही हुशार असा. इंग्रजी खेळातही असेच होते. ज्यांच्या स्पेलिंगचा शेवट आय-जी-एच-टी असा आहे ते लाईट, नाईट, राईट, फाईट, माईट, साईट, टाईट हे शब्द आठवा. चार अक्षरे हिरवी झाली की पाचवी चौकट तेवढी मोकळी, आणि खेळाडू एकेक शब्द खर्च करत बसतो.

आता हीच जागा मोकळ्या नियमाने खेळून पाहू. ‘गजर’ लिहून झाला आहे आणि नऊ शब्द उरले आहेत. दुसरा शब्द लिहू ‘आजार’. हे उत्तर असूच शकत नाही, कारण त्यात ‘ग’ नाही. पण त्यात ‘आ’ आणि ‘जा’ ही दोन अक्षरे एकदम तपासली जातात. ‘आ’ला रंग मिळाला तर उत्तर आगर, ‘जा’ला मिळाला तर जागर. दोन्हींवर फुली पडली, तर सात उरले. तिसरा शब्द ‘मघाशी’. त्यात ‘म’ आणि ‘घा’ तपासले जातात, म्हणजे मगर आणि घागर यांचा निकाल लागतो. चौथा शब्द ‘साधन’. त्यात ‘सा’ आणि ‘न’ तपासले जातात, म्हणजे सागर आणि नगर यांचा निकाल. एवढे करूनही काहीच सापडले नाही, तर डोंगर, नांगर आणि लंगर हे तीन उरतात, आणि पाचवा व सहावा असे दोन प्रयत्न शिल्लक असतात. हिशोब करा : पहिले सहा शब्द नक्की सापडतात, शेवटच्या तिघांपैकी दोन सापडतात. नऊपैकी आठ! माझी घागर तर चौथ्या प्रयत्नात मिळाली असती.

इथे माझा मुद्दा येतो. कडक नियमाने खेळणारे अनेक विद्यार्थी मला अभिमानाने सांगतात की त्यांचीच पद्धत खरी तर्कशुद्ध आहे, आणि ‘आजार’सारखा शब्द लिहिणे ही पळवाट आहे. मला हे मान्य नाही. कडक नियमात तुमचा प्रत्येक शब्द हा एक दावा असतो : “हेच उत्तर असेल.” मोकळ्या नियमात तुम्हाला नुसता प्रश्नही विचारता येतो. ‘आजार’ हा दावा म्हणून चुकीचा आहे, पण प्रश्न म्हणून ‘नगर’पेक्षा सरस आहे. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७७ साली ‘मास्टरमाइंड’ या रंगीत खुंट्यांच्या खेळाचे गणित प्रसिद्ध केले. त्यात १२९६ शक्यता असतात आणि त्यांच्या पद्धतीने जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत उत्तर मिळते. पण तेवढ्यासाठी ती पद्धत काही वेळा असा प्रयत्न करायला सांगते, की जो उत्तर असण्याची शक्यता आधीच संपलेली आहे.

प्रयोगशाळेतही हेच घडते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी दिव्यांच्या माळा निघतात. समजा, एका माळेत आठ दिवे एकसरीत जोडले आहेत आणि एक दिवा गेल्यामुळे सारी माळ बंद आहे. एकेक दिवा बदलून पाहणारा मुलगा कडक नियमाने खेळतो आहे; त्याला सात वेळाही खटपट करावी लागेल. दुसरा मुलगा माळ प्लगमधून काढतो आणि पहिल्या चार दिव्यांच्या दोन टोकांना मीटर लावून मार्ग अखंड आहे का ते पाहतो. तो कोणत्याही एका दिव्यावर आरोप करत नाही. पण आठांचे चार, चारांचे दोन, दोनांचा एक असे तीन तपासण्यांत त्याचे काम होते.

मग कडक नियम टाकून द्यावा का? नाही. त्याचा एक उपयोग खरा आहे. नवशिका खेळाडू पिवळी खूण विसरतो, आणि हा नियम त्याला मिळालेला पुरावा सोडू देत नाही. मात्र नियम सगळा पुरावा सांभाळतो, असे समजू नका. तो फक्त हिरव्या आणि पिवळ्या खुणा पाहतो. फुली पडलेले अक्षर तुम्ही पुन्हा लिहिले, किंवा पिवळे अक्षर पुन्हा त्याच जागी ठेवले, तरी तो हरकत घेत नाही. ‘गजर’नंतर मी ‘गवार’ लिहिले असते तर ते वैध ठरले असते, कारण त्यात ‘ग’ आहे आणि शेवटी ‘र’ आहे. पण ते उत्तर असणे अशक्य होते. वैध शब्द आणि पुराव्याशी जुळणारा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट नियम तपासतो, दुसरी तुम्हालाच तपासावी लागते.

आणि कडक नियमाने खेळायचेच असेल, तर काळजी सुरुवातीलाच घ्यावी लागते, कारण चौकटी भरल्यावर उपाय उरत नाही. ‘गजर’ने मला दोन खुणा दिल्या आणि त्याच खुणांनी माझे हात बांधले. त्याऐवजी मी ‘साधन’ने सुरुवात केली असती, तर तिन्ही अक्षरांवर फुल्या पडल्या असत्या. हा प्रयत्न वाया गेला असे वाटते. पण फुली बंधन घालत नाही, त्यामुळे पुढचा शब्द निवडायला मी मोकळाच असतो. मग ‘मघाशी’ लिहिल्यावर ‘घा’ पिवळा झाला असता. आता ‘आजार’ चालला नसता, कारण प्रत्येक शब्दात ‘घा’ हवा. पण ‘घा’ पहिल्या किंवा तिसऱ्या चौकटीत असणारे शब्द थोडेच आहेत. ‘घायाळ’ लिहून ‘घा’ची जागा पक्की झाली असती आणि मग घागर फार दूर नव्हती. म्हणून कडक नियमात शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा : या शब्दाला खुणा मिळाल्याच, तर माझ्या किती चौकटी मोकळ्या राहतील, आणि त्या चौकटींत बसणारी भावंडे किती असतील? भावंडे शिल्लक प्रयत्नांपेक्षा जास्त असतील, तर तो शब्द तूर्त लिहू नका.

शिक्षकबंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. हा खेळ वर्गात दोन्ही नियमांनी खेळून घ्या आणि प्रत्येक प्रयत्नापुढे मुलांना एक आकडा लिहायला सांगा : या शब्दाने किती नवीन अक्षरे तपासली? प्रात्यक्षिकाच्या वहीत अपेक्षित उत्तराच्या जवळचेच वाचन घेत राहणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. आपण दावा करत आहोत की प्रश्न विचारत आहोत, हे त्यांना त्या आकड्यावरून कळेल.

आता तुमच्यासाठी एक काम. आमच्या यादीत ‘तगर’ हा फुलझाडाचा शब्द राहून गेला होता. तो धरला तर दहा भावंडे होतात. ‘गजर’नंतर कडक नियमाने दहापैकी पाचच सापडतील. मोकळ्या नियमाने वरच्याच तीन शब्दांनी किती सापडतील? आणि ‘साधन’च्या जागी असा एखादा शब्द सुचतो का, की जो एकाच वेळी तीन अक्षरे तपासील? मला अजून सुचलेला नाही.