'रिकामी करा' म्हणजे 'पाडा' नव्हे!

पावसाळा तोंडावर आला की मलकापुरात जुन्या वाड्यांचा विषय निघतोच. एक म्हणतो पाडा, दुसरा म्हणतो वारसा आहे, हात लावू नका. अहवाल मात्र कुणी वाचत नाही.

मुंबईची एस्प्लनेड मॅन्शन बघा. हे जुनं वॉटसन हॉटेल, सांगाडा बिडाचा. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा सिनेमा इथंच दाखवला गेला. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला, त्यात माणूस गेला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालानं ती पाडावी असं सुचवलं. वारसा जतनाच्या जाणकारांनी मात्र दुरुस्ती शक्य आहे असं सांगितलं. पण आधी माणसं बाहेर काढायलाच हवीत. बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. रहिवासी हलवले गेले. पाडायचं की नाही, हा पुढचा प्रश्न.

आपल्याकडे हे दोन प्रश्न एकाच नोटिशीत कोंबतात. मी तर अहवालात आधी तपासणी कशी झाली ते बघतो. काँक्रीटवर मारायचा रिबाउंड हॅमर विटा-मातीच्या भिंतीला आणि सागवानी तुळईला काय सांगणार? तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोचून बघावं लागतं. ओल धरून ती तिथंच कुजते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून महिनाभर ठेवावी. तडकली तर भेग अजून हलतेय.

टोकच कुजलं असेल तर खालून टेकू द्या, तेवढं लाकूड बदला. त्यासाठी अख्खा वाडा कशाला पाडायचा? आणि टेकू लागेपर्यंत कुणी आत झोपायचं नाही, मग मालक कितीही रागावो.