लाल पडलेल्या रिळावरून माणसांच्या कपड्यांचे रंग ठरवू नका

मंडळी, हल्ली आपल्या ग्रुपवर जुन्या मुंजी-लग्नांची रिळं डिजिटल होऊन येतात आणि बहुतेक सगळी लालभडक असतात. त्यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतात. काही म्हणतात, "असू दे, जुन्या काळची मजा आहे." काही जण ऑटो कलरचं बटण दाबून पाच मिनिटांत 'सुधारलेली' प्रत टाकतात. मला दोन्ही पटत नाहीत. रंग हा त्या फिल्ममधला पुरावा आहे, आणि पुरावा वाचायची एक रीत असते.

निमित्त आमच्याच घरचं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात १९७२ साली झालेल्या मुंजीचं रीळ पुतण्याने डिजिटल करून आणलं. त्यात आमच्या आत्याआजी, म्हणजे वडिलांच्या आत्या, ओटीवर बसलेल्या दिसतात. लुगडं लालसर. पुतण्याच्या मुलीने खाली लिहिलं, "बघा, बाहत्तर सालीही या घरात विधवेला आलवण नेसवत होते." त्यावर शंभरेक कॉमेंट आल्या. कोणी हळहळलं, कोणी घराण्याचा उद्धार केला. आलवणाची चाल आपल्या समाजात होती, ती क्रूर होती, यात वाद नाही. पण या फिल्ममध्ये ते आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फाइलमध्येच आहे.

आधी फिल्म लाल का होते ते बघू. रंगीत फिल्ममध्ये रंगद्रव्यांचे तीन थर असतात: निळसर-हिरवा म्हणजे सायन, किरमिजी आणि पिवळा. सायन थराचं काम लाल प्रकाश अडवण्याचं. त्या काळच्या बऱ्याच फिल्ममध्ये हा थर सगळ्यात कच्चा होता. डबा बंद कपाटात असला तरी उष्णतेने आणि दमटपणाने तो विटत जातो, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर. सायन विटला की लाल प्रकाश अडत नाही, म्हणून काळ्या टोपीतूनही लाल डोकावतो. पिवळाही थोडाफार उतरतो. कोडॅक्रोमचे रंग अंधारात ठेवले तर फार टिकतात, म्हणून एकाच घरातलं एक रीळ ताजं आणि दुसरं लाल असू शकतं. व्हिडिओ टेपवर मात्र अशी रंगद्रव्यं नसतातच. टेप लाल दिसली तर बहुधा ती लाल पडलेल्या फिल्मवरूनच उतरवलेली असते, किंवा कॅमेऱ्याची सेटिंग चुकलेली असते.

म्हणजे लाल रंग वाढलेला नाही, लालाला अडवणारा पहारेकरी गेला आहे. म्हणूनच सगळ्या चित्रातून लाल सरसकट कमी करून भागत नाही. तसं केलं की पांढरं जागेवर येतं, पण सावल्या लालच राहतात. लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलचा हिशोब वेगवेगळा मांडावा लागतो, आणि प्रत्येकाचं काळं टोक व पांढरं टोक दोन्ही जुळवावी लागतात.

आमच्या रिळातले आकडे देतो. प्रत्येक चॅनलचा आकडा ० ते २५५ मध्ये असतो. एका पाहुण्याच्या काळ्या टोपीवर लाल ९६, हिरवा २४, निळा ४० आले. शेजारच्या पांढऱ्या धोतरावर लाल २३६, हिरवा १९०, निळा २००. खरं काळं आणि खरं पांढरं यांत तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मी काळ्यासाठी २० आणि पांढऱ्यासाठी २३० धरले. लालाचं अंतर २३६ वजा ९६ म्हणजे १४० आहे, हवं २१०. म्हणून लाल चॅनल दीडपट ताणायचा. हिरव्याचं अंतर १६६, तो सुमारे १.२७ पट. निळ्याचं १६०, तो सुमारे १.३१ पट. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या लेव्हल्स किंवा कर्व्हमध्ये प्रत्येक चॅनल निवडून हेच करता येतं. मग मधल्या उजेडाची वस्तू बघायची. आम्ही सिमेंटचा ओटा घेतला. तो किंचित गुलाबी दिसला, म्हणून लालाच्या कर्व्हचा मध्य जरासा खाली ओढला.

आता आत्याआजींचं लुगडं. सुधारणा करायच्या आधीचे आकडे: लाल २२८, हिरवा १८०, निळा १८९. धोतराच्या आकड्यांशी ताडून बघा. तिन्ही थोडे खाली आहेत, पण एकाच प्रमाणात. त्याच चौकटीत मुंजमुलाच्या आईचा लाल शालू आहे: लाल २२२, हिरवा ६२, निळा ७५. खरं लाल कापड असं दिसतं, त्यात हिरवा आणि निळा कोसळलेले असतात. ताणल्यावर शालू २०९, ६८, ६६ झाला, म्हणजे लालच राहिला. लुगडं २१८, २१७, २१६ झालं, म्हणजे पांढरं. आलवण असतं तर ते शालूच्या बाजूला गेलं असतं, धोतराच्या नाही.

मात्र ते शुभ्र होतं की फिकट मोतिया, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पिवळा थरही विटलेला आहे, आणि तेवढा बारीक फरक या आकड्यांतून निघत नाही. लुगडं आणि धोतर एकाच उजेडात होते म्हणून ही तुलना चालली. लाल कनातीखाली बसलेल्या माणसाचं पांढरंही लालसर येतं. पांढऱ्याचा आधार निवडतानाही जपावं. चुन्याच्या भिंतीत आपल्याकडे नीळ घालायचे. तिला पांढरं धरलं की सगळं चित्र पिवळट होतं.

ऑटो बटणावर माझा राग याचसाठी आहे. त्यातल्या पुष्कळ पद्धती चित्राची सरासरी करडी असावी असं धरून चालतात. मुंजीच्या मांडवात लाल-केशरी खरोखरच जास्त असतं, तेही मग कापलं जातं. कुंकू तपकिरी होतं, माणसांचे चेहरे हिरवट होतात. शिवाय प्रत्येक चौकटीचा हिशोब नवा, त्यामुळे रंग लुकलुकत राहतात. एका प्रसंगाला एकच हिशोब लावावा. जागा किंवा उजेड बदलला की नवा.

यालाही मर्यादा आहे. लाल चॅनल एकटा उघडून बघा. त्यात चेहरे, घड्या ओळखू येत असतील तर ताणून उपयोग. नुसता सपाट धुरळा असेल तर ताणल्यावर फक्त दाणे वाढतील. काही जण तिथे हिरव्या चॅनलमधला तपशील लालात मिसळतात. चित्र देखणं होतं, पण त्यावरून लुगड्याचा रंग ठरवू नये, कारण तो उसना आहे.

रीळ स्कॅनला देताना एक्स्पोजर आणि रंग ऑटोवर ठेवू नका म्हणून सांगा, आणि जमल्यास ८ बिटऐवजी १० बिटची फाइल मागा. ८ बिटमध्ये इतकं ताणलं की आकाशात पायऱ्या दिसू लागतात. मूळ लाल फाइलला हात लावू नका, सुधारलेली प्रत वेगळी ठेवा आणि काय बदललं ते सोबत लिहा. बँकेत खोडलेला आकडा वाचता येईल असाच खोडायचो आणि शेजारी सही करायचो. इथेही तेच.

पुतण्याच्या मुलीला मी हे आकडे पाठवले. तिने स्वतः मोजून पाहिले आणि पोस्टखाली दुरुस्ती टाकली. उद्या दुसऱ्या कुणाच्या रिळात हेच आकडे शालूच्या बाजूला गेले, तर तेही तितक्याच सरळपणे मान्य करावं लागेल. तेव्हा कुणी घराण्याच्या अब्रूचं कारण सांगून लाल कमी करायला लागला, तर त्याला अडवायलाही मी पुढे असेन.